विश्लेषण : विमापत्रातील सतरावी वगळणूक आणि अपत्यासाठी झगडणारी दांपत्ये

नवी दिल्ली : आरोग्य विम्याच्या बहुतेक विमापत्रांत शेवटच्या पानांकडे ‘Excl17’ असा संकेत असलेला एक परिच्छेद असतो. वंध्यत्वाशी संबंधित कोणताही खर्च कंपनी देणार नाही, असे त्यात लिहिलेले असते. कृत्रिम रेतन, आयव्हीएफ, इक्सी, सरोगसी, तसेच संततिनियमनाची शस्त्रक्रिया आणि ती उलटवण्याची शस्त्रक्रिया, या सर्वांचा त्यात एकत्रित उल्लेख आहे. विमा घेताना फारसे कोणी न वाचलेला हा परिच्छेद अनेक दांपत्यांना दावा फेटाळला गेल्याच्या पत्रातच प्रथम दिसतो.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळणुकींची भाषा प्रमाणित केली. त्यापूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या शब्दांत अटी लिहीत असे आणि ग्राहकाला तुलना करणे अवघड जाई. प्रमाणीकरणाने तो गोंधळ कमी केला. मात्र त्यातून एक गैरसमज रूढ झाला. वंध्यत्वावरील उपचारांना विमा संरक्षण देण्यास नियामकाने मनाई केली आहे, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. हे उपचार वगळायचे असतील तर ते कोणत्या शब्दांत वगळावेत, एवढेच नियामकाने ठरवून दिले. संरक्षण द्यावे की नाही, हा निर्णय कंपनीचा आहे.

कंपन्या का कचरतात?

विमा अनपेक्षित संकटासाठी असतो, हे या व्यवसायाचे मूळ गृहीतक आहे. हृदयविकाराचा झटका केव्हा येईल हे विमाधारकाला ठाऊक नसते. आयव्हीएफ करायचे की नाही आणि केव्हा करायचे, हे मात्र दांपत्य स्वतः ठरवते. त्यामुळे ज्यांना उपचारांची गरज आहे तेच विमा घेतील आणि इतर लोक दूर राहतील, अशी भीती कंपन्यांना असते.

ही भीती एका कल्पित हिशेबाने समजून घेता येईल. एक हजार जणांच्या समूहातील दहा दांपत्यांनी प्रत्येकी दोन लाख रुपयांचा उपचार घेतला, तर एकूण खर्च २० लाख रुपये होतो आणि प्रत्येक सदस्यावर वर्षाला दोन हजार रुपयांचा भार पडतो. परंतु हेच संरक्षण स्वतंत्रपणे विकले आणि उपचारांचा विचार करणाऱ्या शंभर जणांनीच ते घेतले, त्यांतील साठ जणांनी दावा केला, तर खर्च एक कोटी २० लाखांवर जातो. मग प्रत्येकाचा हप्ता एक लाख २० हजार रुपये होईल. एवढा हप्ता भरण्यापेक्षा उपचाराचे पैसे थेट देणे लोकांना सोयीचे वाटेल. अशा स्थितीत विमा म्हणून काही उरतच नाही.

काही मोठ्या आस्थापनांच्या समूह विम्यात मर्यादित रकमेपर्यंत आयव्हीएफचा खर्च मिळतो, याचे कारणही याच हिशेबात आहे. तेथे सर्व कर्मचारी आपोआप विम्याखाली येतात आणि केवळ गरजूंचा गट तयार होत नाही.

दुसरी अडचण उपचाराच्या स्वरूपाची आहे. भारतीय आरोग्य विमा रुग्णालयात दाखल होण्याभोवती रचला गेला. आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस इंजेक्शने, अधूनमधून सोनोग्राफी आणि रक्ततपासणी, नंतर भूल देऊन काही मिनिटांत बीजांडे काढणे, प्रयोगशाळेत फलन आणि काही दिवसांनी भ्रूणाचे गर्भाशयात रोपण, असा क्रम असतो. खर्चाचा मोठा भाग औषधांचा आणि प्रयोगशाळेचा असतो. हे सारे बहुधा बाह्यरुग्ण विभागात किंवा एका दिवसाच्या दाखल्यात आटोपते. शिवाय पहिल्या आवर्तनात यश येईलच असे नाही. खासगी केंद्रांत एका आवर्तनाचा खर्च सामान्यतः दीड ते अडीच लाख रुपये होतो आणि किती आवर्तने लागतील हे आधी सांगता येत नाही.

तिसरे कारण दृष्टिकोनाचे आहे. अपत्य ही इच्छा आहे, आजार नव्हे, असे मानून हे उपचार ऐच्छिक ठरवले जातात. जागतिक आरोग्य संघटना मात्र वंध्यत्वाला प्रजननसंस्थेचा आजार मानते. संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगात सुमारे सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा या समस्येला तोंड द्यावे लागते. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ मध्येही वंध्यत्वाची वैद्यकीय व्याख्या आहे.

एकच शस्त्रक्रिया, दोन निर्णय

वाद खरा पेटतो तो आयव्हीएफच्या आधीच्या टप्प्यावर. उदाहरणादाखल इंदूरमधील एक दांपत्य घेऊ. पत्नीचे वय ३३, विवाहाला चार वर्षे झालेली आणि दहा लाखांचा कौटुंबिक विमा. पाळीच्या वेळी तिला असह्य वेदना होतात. तपासणीत अंडाशयावर एंडोमेट्रिओसिसची गाठ आढळते आणि डॉक्टर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवतात. गाठ काढतानाच गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हेही पाहिले जाते.

एंडोमेट्रिओसिस हा स्वतंत्र आजार आहे आणि ठरलेला प्रतीक्षा कालावधी उलटल्यावर त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च सर्वसाधारणपणे मिळू शकतो. परंतु रुग्णालयाच्या कागदांवर निदानाच्या रकान्यात ‘प्राथमिक वंध्यत्व’ एवढेच लिहिले असेल, तर कंपनी संपूर्ण दावा सतराव्या वगळणुकीत बसवते. शस्त्रक्रिया तीच, शल्यचिकित्सक तोच, पण एका ओळीमुळे निर्णय उलटतो.

यावर उपाय म्हणजे खोटे निदान लिहून घेणे नव्हे. तसे आढळल्यास दावा तर जातोच, विमापत्रही रद्द होऊ शकते. वेदना, गाठीचा आकार, सोनोग्राफीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेचे कारण या खऱ्या गोष्टी कागदांवर पूर्णपणे येणे महत्त्वाचे ठरते. नलिकांच्या तपासणीचे देयक वेगळे असेल, तर कंपनीला तेवढाच भाग वगळून उर्वरित रक्कम देण्यास सांगता येते.

पुढचा पेच गुंतागुंतीचा आहे. इंजेक्शनांमुळे अंडाशय अतिउत्तेजित होऊन पोटात पाणी साचले आणि महिलेला रुग्णालयात दाखल करावे लागले, तर हा वगळलेल्या उपचाराचाच परिणाम आहे, अशी भूमिका कंपन्या घेऊ शकतात. गर्भ नलिकेत रुजल्यास मात्र महिलेची बाजू तुलनेने बळकट असते. प्रसूतीविषयीच्या अठराव्या वगळणुकीत नलिकेतील गर्भधारणेला स्पष्ट अपवाद केलेला आहे. ही स्थिती जिवावर बेतणारी असते आणि नैसर्गिक गर्भधारणेतही उद्भवते.

दावा फेटाळताना कोणत्या अटीखाली तो फेटाळला हे कंपनीने लेखी कळवणे बंधनकारक आहे. नियामकाच्या २०२४ मधील परिपत्रकानुसार दाव्यांचा आढावा घेणाऱ्या समितीच्या मंजुरीविना दावा नाकारता येत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडून समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

संरक्षण मिळते, पण उशिरा

गेल्या काही वर्षांत मोजक्या कंपन्यांनी वैयक्तिक विम्यातही सहाय्यक प्रजननाचा समावेश केला आहे. ग्राहकाने तेथे दोन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली उपमर्यादा. विमा दहा लाखांचा असला तरी या उपचारासाठीची रक्कम बरीच कमी असते. दुसरी प्रतीक्षा कालावधी, जो बहुधा दोन ते तीन वर्षांचा असतो.

इंदूरच्या दांपत्याने आज असा विमा घेतला, तर तीन वर्षांनी पत्नी ३६ वर्षांची असेल. स्त्रीच्या बीजांडांची संख्या आणि गुणवत्ता पस्तिशीनंतर वेगाने घटते. म्हणजे संरक्षण सुरू होईल तेव्हा यशाची शक्यता कमी झालेली असेल आणि अधिक आवर्तनांची गरज पडू शकेल. कंपनीला गैरवापरापासून वाचवणारी ही अट रुग्णाकडून तिचा सर्वांत मौल्यवान काळ काढून घेते.

सरकारी योजनांतही चित्र विषम आहे. केंद्र सरकारी आरोग्य योजनेत, अपत्य नसलेल्या दांपत्याला पत्नीचे वय २१ ते ३९ असल्यास आयुष्यात कमाल तीन आवर्तनांसाठी प्रतिपूर्ती देण्याची तरतूद २०११ मध्ये करण्यात आली. त्यावेळी प्रत्येक आवर्तनासाठी कमाल ६५ हजार रुपयांची मर्यादा ठरवण्यात आली. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वावरील उपचार सामान्यतः वगळलेले आहेत. रुग्णालयांच्या पातळीवर मात्र हालचाल दिसते. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली, तर मुंबईतील कामा रुग्णालयात २०२४ मध्ये केंद्र उघडले.

कायद्याचा अर्धा हात

२०२१ च्या कायद्यांत विम्याचा उल्लेख आहे, पण तो दुसऱ्यांसाठी. बीजांडदात्या स्त्रीला १२ महिन्यांचे आणि सरोगेट मातेला ३६ महिन्यांचे विमा संरक्षण देण्याची जबाबदारी अपत्य इच्छिणाऱ्या दांपत्यावर टाकण्यात आली. त्या दांपत्याच्या स्वतःच्या उपचारांबाबत कायदा मौन बाळगतो.

कायद्याने ठरवले तर वगळणूक हटू शकते, याचे उदाहरण देशातच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले आणि नियामकाला कंपन्यांना तसे आदेश द्यावे लागले.

मात्र सरसकट संरक्षणाची किंमतही लक्षात घ्यावी लागेल. कॅनडातील क्युबेक प्रांताने २०१० मध्ये आयव्हीएफ सार्वजनिक खर्चातून देण्यास प्रारंभ केला आणि शक्यतो एकाच भ्रूणाचे रोपण करण्याची अट घातली. पैसे संपण्याच्या भीतीने एका वेळी अनेक भ्रूण रोपण्याचा दबाव सरला आणि जुळ्या-तिळ्यांचे प्रमाण झपाट्याने घटले. त्यामुळे मुदतपूर्व जन्म आणि नवजात अतिदक्षता विभागाचा खर्च टळतो. पण मागणी अपेक्षेहून इतकी वाढली की २०१५ मध्ये ही सर्वांसाठीची योजना गुंडाळावी लागली. २०२१ मध्ये ती परतली ती एका आवर्तनापुरती.

भारतासाठी यातील धडा मर्यादेचा आहे. वयाची अट, ठराविक आवर्तने आणि एका भ्रूणाचा नियम यांसह मूळ विम्यातच हे संरक्षण अंतर्भूत केले, तर खर्च मोठ्या समूहात विभागला जाईल. २०२१ च्या कायद्याने स्थापन केलेल्या राष्ट्रीय नोंदवहीत केंद्रांची आणि उपचारांच्या निष्पत्तीची माहिती जमा होणे अपेक्षित आहे. जोखमीचे मोल ठरवायला कंपन्यांना अशीच विश्वासार्ह आकडेवारी हवी असते. ती उपलब्ध झाल्यावरही वगळणूक कायम राहिली, तर तिच्या समर्थनार्थ आकडेवारीच्या अभावाचे कारण पुढे करता येणार नाही.