‘बघू’ म्हणजे ‘करू’ नव्हे

शॉमबर्गच्या आमच्या घरातल्या बाथरूमचा टब काढून तिथे शॉवर करायचा ठरला. कॉन्ट्रॅक्टर घरी आला, तेव्हा त्याला विचारूनच फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. इलिनॉयमध्ये खाजगी बोलणं चोरून रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, त्यामुळे ही परवानगी फक्त शिष्टाचार नाही.

रात्री ते ४८ मिनिटांचं बोलणं ऐकत चार रकाने भरायला बसलो: काम, सामान, खर्च, वेळ. माझं मत असं की खरा उपयोग पाचव्या रकान्याचा, ‘न ठरलेलं’ या रकान्याचा असतो.

बायकोने विचारलं होतं, "एक्झॉस्ट फॅनपण बदलाल ना?" तो म्हणाला, "बघू." आम्ही दोघांनीही ते ‘हो’ असंच ऐकलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये होकार नाही, म्हणून फॅन ‘काम’मध्ये न जाता पाचव्या रकान्यात गेला.

खर्चाचंही तेच. बाराव्या मिनिटाला तो ११,००० डॉलर म्हणाला. पुढे काचेचा दरवाजा निघाला, त्याचे १,२०० वेगळे. आमच्या डोक्यात मात्र पहिलाच आकडा बसला होता. शिवाय त्याने भिंतीच्या टाइल्स ५ डॉलर चौरस फूट धरल्या होत्या आणि आम्हाला आवडल्या ९ डॉलरच्या. भिंत ९० चौरस फूट, तोडफोडीचे दहा टक्के धरून ९९. म्हणजे ३९६ डॉलर जास्त, आणि एकूण १२,५९६. सारांशात नुसतं ‘टाइल्स धरून’ लिहिलं असतं तर हा फरक शेवटच्या बिलातच दिसला असता. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तो कितव्या मिनिटाला आला ते लिहावं, आणि नंतरच्या बोलण्याने आधीचं बदललं असेल तर दोन्ही ठेवावं.

‘तीन आठवडे’ हेही अर्धंच उत्तर. कधीपासून? परमिट मिळाल्यापासून, की टाइल्स आल्यापासून? त्यात काचेचं माप टाइल्स बसल्यावरच घेतात आणि मग ती बनते. तीन आठवड्यांनी बाथरूम वापरता येईलच असं नाही.

हा कागद मी दुसऱ्या दिवशी त्याला ईमेल केला. फॅनचे १८० डॉलर होतील असं त्याने कळवलं, आणि तीन आठवडे परमिटनंतरचे, काचेशिवायचे, हेही. मगच सही केली. इलिनॉयच्या कायद्यानुसार १,००० डॉलरच्या वरच्या घरदुरुस्तीला लेखी करार लागतो. रेकॉर्डिंग किंवा माझा सारांश त्याची जागा घेऊ शकत नाही. करारात काय सुटलंय, ते मात्र त्यावरून कळतं.

पुण्यात बाबा म्हणाले, "आमचा मिस्त्री तोंडी सांगायचा, कधी अडलं नाही." खरंय. पण तो मिस्त्री रोज चौकात भेटायचा, बाबा. इथे चेक दिला की माणूस पुढच्या कामावर जातो.