धुक्यात भिजणारे वाळवंट

समुद्र उशाशी आणि घसा कोरडा, अशी गत आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिब वाळवंटाची आहे. तेथील वॉल्व्हिस बे बंदरात वर्षाकाठी दोन-तीन सेंटिमीटरही पाऊस पडत नाही. धुके मात्र वर्षातले १०० हून अधिक दिवस! मग हे पाणी खाली का उतरत नाही?

याचे मूळ बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहात आहे. त्यावरून येणारा वारा तळाशी गारठतो. वर मात्र उंचावरून खाली दबत आलेली, म्हणून तापलेली हवा असते. एरवी वर चढावे तशी हवा थंड होते. येथे काहीशे मीटरांवर ती उलट ऊबदार लागते. खालची हवा गार, म्हणून जड. हे झाकण फोडून ती वर उसळत नाही आणि पावसाचा उंच ढग बनत नाही. बनते ते धुके. त्याचे थेंब इतके बारीक, की ते तरंगतच राहतात आणि उन्हे तापली की विरतात.

तरी त्या पाण्याला एक गिऱ्हाईक आहे. एक काळा भुंगेरा पहाटे वाळूच्या टेकडीवर डोके खाली, पाठ वर करून वाऱ्यासमोर उभा राहतो. पाठीवर साचलेले थेंब ओघळतात ते थेट त्याच्या तोंडात!