‘फिल’चं बटण दाबण्याआधी

गेल्या वर्षीच्या व्हायवातली गोष्ट. आमच्या प्रोजेक्टचा विषय होता ‘लोणार सरोवराचं पाणलोट क्षेत्र’. रंगीत नकाशे, स्पायरल बाइंडिंग, सगळं कसं झकास! बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी नकाशातल्या एका निळ्या रेषेवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “हा ओढा विवरातून बाहेर पडताना दिसतोय. तुमच्यापैकी कोणी लोणारला गेलंय का?”

आम्ही चौघंही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. लोणारच्या तळ्यातून बाहेर जाणारा ओढाच नाही. पाणी आत येतं आणि मुख्यतः वाफ होऊन जातं, म्हणून तर ते खारट. मग आमच्या नकाशात ओढा आला कुठून? तो आम्हीच तयार केला होता, एक बटण दाबून. ते बटण डोळे मिटून दाबायची आपल्याकडे जी प्रथा पडली आहे, ती मोडली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठीच हा लेख.

मुळात डीईएम, म्हणजे डिजिटल एलेव्हेशन मॉडेल, ही जमिनीवर टाकलेली चौकोनांची जाळी असते. प्रत्येक खान्यात एकच आकडा, त्या जागेची उंची. आम्ही वापरलेलं एसआरटीएमचं डीईएम फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानातून ११ दिवसांत मोजलं गेलं. रडारचा एक अँटेना यानात होता आणि दुसरा ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला. एकाच जागेचा प्रतिध्वनी दोघांकडे किंचित वेगळं अंतर कापून पोचतो. त्या फरकावरून उंची काढतात. खाना साधारण ३० मीटरचा आणि उंची पूर्ण मीटरात. गोम अशी की, दाट झाडी असेल तिथे रडारला जमिनीऐवजी झाडोराच दिसतो. म्हणजे आकड्यात थोडी झाडंही मिसळलेली असतात.

आता उतार कसा निघतो ते पाहू. मधला खाना आणि त्याच्याभोवतीचे आठ, एवढंच संगणक बघतो. समजा, उंची अशी आहे (वर उत्तर, खाना ३० मीटरचा):

```
612  614  617
608  611  613
604  606  609
```

उजव्या रांगेची बेरीज घ्यायची, मधला आकडा दोनदा धरून: २४५२. डावीची तशीच २४३२. फरक २०. त्याला आठ गुणिले ३० म्हणजे २४० ने भागलं की पूर्वेकडचा चढ ०.०८३ येतो. वरच्या आणि खालच्या ओळीतला फरक ३२, म्हणून उत्तरेकडचा चढ ०.१३३. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.१५७, म्हणजे उतार सुमारे ९ अंश. जमीन पूर्वेला आणि उत्तरेला चढते, म्हणजे तिचं तोंड नैऋत्येच्या बाजूला, होकायंत्रावर सुमारे २१२ अंश. यालाच अ‍ॅस्पेक्ट म्हणतात. पुढचं सगळं या साध्या हिशेबावरच उभं असतं.

इथेच दोन खड्डे आहेत. पहिला आमच्या विंगमधल्या निम्म्या पोरांनी अनुभवलाय: उताराचा नकाशा सगळीकडे ८९ अंश दाखवतो! कारण खान्याची रुंदी अक्षांश-रेखांशाच्या अंशांत राहिलेली असते आणि उंची मीटरात. डीईएम आधी यूटीएममध्ये बदलून घ्यावं (लोणारसाठी झोन ४३). दुसरा खड्डा लपलेला असतो. १ टक्का उतार म्हणजे ३० मीटरला फक्त ३० सेंटिमीटर, आणि आपला आकडा पूर्ण मीटरातला. त्यामुळे सपाट रानात उताराचा नकाशा पायऱ्यांसारखा दिसतो. त्यावरून बांधबंदिस्तीचे १ आणि ३ टक्क्यांचे वर्ग पाडणं म्हणजे फूटपट्टीने केस मोजणं.

आता मूळ मुद्दा. पाणलोट काढताना प्रत्येक खान्यातलं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सगळ्यात उताराच्या शेजाऱ्याकडे ढकलतात. मग एकेका खान्यात वरून किती खाने रिकामे होतात ते मोजतात. ज्यांचा आकडा मोठा, ते ओढे. ओढ्यावर एक बिंदू निवडला की त्यात उतरणारे सगळे खाने म्हणजे त्याचं पाणलोट आणि कडेची रेषा म्हणजे त्याची सीमा. बिंदू ओढ्यापासून एक खाना जरी सरकला, तरी पाणलोट चिमूटभर येतं.

पण एखादा खाना आठही शेजाऱ्यांपेक्षा खाली असेल तर पाणी तिथेच अडकतं. असे खड्डे डीईएममध्ये ढिगाने असतात आणि बरेचसे मोजणीतल्या चुकांचे असतात. म्हणून ‘फिल’ करतात: पाणी काठावरून सांडेल तिथपर्यंत खड्डा भरून टाकायचा. हे करावंच लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती संगणकाला चुकीचा खड्डा आणि खरा खड्डा यांत फरक कळत नाही, आणि आपणही बघत नाही, याबद्दल. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. ‘फिल’ने ते काठाच्या सगळ्यात खालच्या जागेपर्यंत भरलं आणि तिथून ओढा सोडून दिला. आमची चूक ती ही.

ती पकडायला दोन मिनिटं पुरतात. भरलेल्यातून मूळ डीईएम वजा करा:

```
gdal_calc.py -A filled.tif -B dem.tif --calc="A-B" --outfile=diff.tif
```

या नकाशात विखुरलेले, मीटर-दोन मीटरचे ठिपके दिसले तर ते बहुधा मोजणीतला गोंधळ, बिनधास्त भरा. मोठा, खोल, गोलसर डाग दिसला तर थांबा. तिथे तळं, खाण किंवा लोणार असू शकतं. आणि एका बाजूला सरळ कड असलेला डाग दिसला तर तो रस्त्याचा किंवा रेल्वेचा भराव असण्याची शक्यता जास्त. खालची मोरी रडारला दिसत नाही, म्हणून संगणक भरावाला धरण समजतो. तिथे खड्डा भरण्याऐवजी मोरीच्या जागी भराव कापून पाण्याला वाट द्यावी. खरं तळं असेल तर ते खड्डा म्हणूनच ठेवावं. ग्रासच्या `r.watershed` मध्ये खऱ्या खड्ड्यांचा नकाशा वेगळा देता येतो.

“एवढा वेळ कुणाकडे आहे?” असं मित्र म्हणतात. पण पाणलोटाचं क्षेत्रफळ थेट पुराच्या हिशेबात जातं आणि त्यावरून सांडव्याची रुंदी ठरते. भरावामुळे पाणलोट शेजारच्या ओढ्याकडे वळलं तर एक सांडवा उगाच मोठा होतो आणि दुसरा लहान पडतो. लहान पडलेल्याखाली कुणाचं तरी शेत असतं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पाणलोटाच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हा वजाबाकीचा नकाशा एका पानावर असावा, आणि त्यातले सगळ्यात मोठे पाच डाग कशाचे आहेत ते टोपोशीटवर पाहून एकेका ओळीत लिहावं. गाईड सरांनीही आधी तेच पान उघडावं.

आम्ही नकाशा पुन्हा केला. या वेळी ओढा आला नाही. उताराच्या दिशेचे सगळे रंग विवराभोवती क्रमाने फिरले, ईशान्येकडून धारेचा ओढा आत आला आणि तळ्यापाशी थांबला. मार्क मात्र पहिल्याच नकाशाचे मिळाले होते!