शंभर जोड्या, सत्तावीस योग

आमच्यात भांडण झालं की ती लॅपटॉपवर दोन कुंडल्या एकावर एक ठेवून बघायची. तिचा शुक्र आणि माझा शनी यांच्यात केंद्रयोग, म्हणजे 90 अंश. "तू असा थंड का होतोस, ते इथे दिसतंय बघ." वर्षभर मला तिचं खरंही वाटलं. पाश्चात्त्य ज्योतिषातल्या या जोडीवाचनाला सिनॅस्ट्री म्हणतात. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही, या पद्धतीबद्दल आहे.

साधा हिशेब करा. प्रत्येकाचे सूर्य-चंद्र धरून दहा ग्रह, म्हणजे शंभर जोड्या. 0, 60, 90, 120 आणि 180 अंश हे मुख्य योग धरले की प्रत्येक ग्रहाभोवती वर्तुळावर आठ जागा होतात. योग दोन्ही बाजूंना सहा-सहा अंशांपर्यंत चालतो असं मानलं, तर आठ गुणिले बारा म्हणजे 96 अंश व्यापले जातात. 360 पैकी 96, साधारण 27 टक्के. म्हणजे लोकलमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशीही तुमचे सुमारे सत्तावीस योग जुळतात. त्यात आकर्षणाचे असतात, घर्षणाचेही असतात. आमचा तो शनी-शुक्र केंद्रयोग दर सात-आठ जोडप्यांमागे एकात कुठल्या ना कुठल्या बाजूने सापडतो. नेपच्यून तर वर्षाला जेमतेम दोन अंश सरकतो, त्यामुळे जवळपासच्या वयाच्या बहुतेक सगळ्यांची नेपच्यून-युती असते. (जाणकार ती मोजत नाहीत, मान्य.)

जाणकार म्हणतील, आकडे नकोत, महत्त्वाचे योग बघा. कार्ल युंगने तेच केलं होतं. त्याने विवाहित जोडप्यांच्या कुंडल्या तीन टप्प्यांत तपासल्या आणि 1952 साली निष्कर्ष छापले. पहिल्या 180 जोडप्यांत चंद्र-सूर्य युती सगळ्यात पुढे होती. परंपरेला हवी होती तीच! पुढच्या 220 मध्ये चंद्र-चंद्र युती पुढे आली, शेवटच्या 83 मध्ये चंद्र-लग्न. तिन्ही वेळा प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं, पण विजेता दर वेळी वेगळा. आमच्याकडे एखादी टेस्ट प्रत्येक रनला वेगळं उत्तर देऊ लागली तर तिला कुणी गूढ म्हणत नाही. सगळं एकत्र केल्यावर निकाल योगायोगाच्या मर्यादेतच बसतो, हे युंगनेही मान्य केलं. मात्र त्या योगायोगालाच त्याने अर्थ दिला.

आपल्या गुणमिलनावर माझा काडीचा विश्वास नाही. पण तिथे निदान 36 पैकी 18 च्या खाली आलात तर नापास होता. सिनॅस्ट्रीत नापास होण्याची सोयच नाही. जमलं तर नवपंचम योग, फिसकटलं तर केंद्रयोग, आणि दोन्ही योग कुंडलीत आधीपासून असतातच.

मी थंड व्हायचो, कारण त्या वर्षी मला नोकरी सोडायची होती आणि ते तिला सांगायचं धाडस होत नव्हतं. शनीने मला ते लपवायला छान जागा दिली. तिनेही कधी विचारलं नाही, कारण तिच्याकडे उत्तर होतं.