पाडव्याचा मुहूर्त आणि घराचा करार

गुढीपाडवा जवळ आला की वृत्तपत्रांची पाने सदनिकांच्या जाहिरातींनी भरून जातात. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक. या दिवशी पंचांग न पाहता कार्यारंभ करावा, ही जुनी श्रद्धा. विकासक तिच्याच आधाराने शुभारंभाचे आमंत्रण देतो आणि त्यासोबत विश्वासही मागतो. मात्र सवलत ‘पाडव्यापर्यंतच’ असल्याने तो विश्वास पारखण्यास ग्राहकाला फारसा अवधी उरत नाही.

सर्वाधिक आकर्षक घोषणा असते ती ‘मुद्रांक शुल्क माफ’ ही. वस्तुतः हे शुल्क शासनाचे. ते माफ करण्याचा अधिकार विकासकाला नाही. तो ते ग्राहकाच्या वतीने भरतो, इतकेच. मुंबईतील 60 लाखांची, बांधकाम चालू असलेली सदनिका घ्या. सहा टक्क्यांप्रमाणे शुल्क 3 लाख 60 हजार होते, नोंदणी फी 30 हजार. म्हणजे 3 लाख 90 हजारांचा लाभ दिसतो. परंतु हीच सदनिका पाडव्यापूर्वी 56 लाखांना मिळत असेल, तर शुल्क व फी स्वतः भरूनही खर्च 59 लाख 66 हजार येतो. ‘माफी’ घेणारा ग्राहक उलट 34 हजार अधिक देतो. शिवाय पाच टक्के वस्तू व सेवा कर वाढीव किमतीवर लागतो, तो 20 हजारांचा भुर्दंड वेगळाच. म्हणून सवलत न घेतल्यास किंमत किती, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. खरी सूट करारातील किंमत कमी करते.

प्रत्येक सवलत फसवी असते असे नव्हे. बांधकामासाठी पैसा हवा असताना विकासक खरोखरच दर उतरवतो. पण त्याचे वचन टिकते ते लेखणीने. महाराष्ट्रातील नमुना करारनाम्यात असे एक कलम आहे की, हा करार आधीचे पत्रव्यवहार व समजुती रद्द ठरवतो. पाडव्याला दिलेल्या पत्रातील वाहनतळ वा स्वयंपाकघराची मांडणी करारात उतरली नाही, तर ती मागताना ग्राहकाची बाजू दुबळी होते. खोट्या जाहिरातीबद्दल 2016 च्या स्थावर संपदा कायद्यात भरपाईची तरतूद आहे खरी, पण त्यासाठी दाद मागत बसावे लागते.

त्याच कायद्याच्या तेराव्या कलमानुसार, करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. वरील उदाहरणात ही मर्यादा सहा लाखांची. मुहूर्ताच्या दिवशी यापुढे एक रुपयाही मागणारा विकासक स्वतःच आपली परीक्षा देऊन मोकळा होतो. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक जाहिरातीवर असतो. त्यावरून महारेराच्या संकेतस्थळावर ताबा देण्याची जाहीर केलेली तारीख पाहता येते. विक्रेत्याने तोंडी सांगितलेली तारीख त्याहून अलीकडची असेल, तर ती करारात लिहून मागावी. नकार मिळाला तर तेच उत्तर समजावे.

पाडव्याला कडुलिंब आधी खातात, साखरेची गाठी नंतर. घर घेतानाही कराराचा मसुदा आधी वाचावा आणि आरक्षणाचा धनादेश नंतर द्यावा.