विश्लेषण : दोन सेट जिंकलेला खेळाडू बाहेर, मग पैज जिंकली कोणी?

विम्बल्डन, ७ जुलै २०२५. चौथ्या फेरीत ग्रिगोर दिमित्रोव्हने अग्रमानांकित यानिक सिन्नेरविरुद्ध पहिले दोन सेट ६-३, ७-५ असे जिंकले होते. तिसऱ्या सेटमध्ये २-२ अशी बरोबरी असताना छातीच्या स्नायूला दुखापत झाली आणि त्याला सामना सोडावा लागला. एकही सेट न जिंकलेला सिन्नेर पुढच्या फेरीत गेला आणि नंतर विजेताही ठरला. नियमाप्रमाणे निकालात काही वाद नव्हता. मात्र या एकाच सामन्यावर लावलेल्या पैजांचे निकाल वेगवेगळे लागतात. काही पैजा जिंकतात, काही हरतात, तर काही रद्द होऊन लावलेले पैसे तेवढे परत मिळतात. असे का होते?

वॉकओव्हर आणि रिटायरमेंटमध्ये फरक काय?

फरक एका पॉइंटचा आहे. सामना सुरू होण्यापूर्वीच खेळाडूने माघार घेतली, तर प्रतिस्पर्ध्याला वॉकओव्हर मिळतो. २०२२ च्या विम्बल्डन उपांत्य फेरीआधी पोटाच्या स्नायूच्या दुखापतीमुळे राफेल नदालने माघार घेतली आणि निक किरियॉस न खेळताच अंतिम फेरीत पोहोचला. याउलट सामना सुरू झाल्यावर खेळाडू थांबला, तर ती रिटायरमेंट. तिसरा प्रकार अपात्र ठरण्याचा. २०२० च्या अमेरिकन ओपनमध्ये नोव्हाक जोकोविचने मारलेला चेंडू लाइन जजला लागला आणि त्याला बाद करण्यात आले.

टेनिसच्या नोंदीतही हा फरक पाळला जातो. रिटायरमेंटने मिळालेला विजय खेळाडूच्या जय-पराजयाच्या आकड्यांत धरला जातो, वॉकओव्हर धरला जात नाही. सट्टेबाजी कंपन्यांचा हिशेबही इथूनच सुरू होतो. वॉकओव्हर म्हणजे सामना झालाच नाही, म्हणून त्या सामन्यावरच्या पैजा रद्द होतात आणि मुद्दल परत मिळते. स्पर्धेचा विजेता कोण, यावरची पैज मात्र वेगळी. नदाल २०२२ चे विम्बल्डन जिंकेल अशी पैज ज्यांनी लावली होती, त्यांची पैज हरली, कारण नदाल त्या स्पर्धेत पाच सामने खेळून बाहेर पडला होता.

सामन्याच्या विजेत्यावरची पैज कशी ठरते?

खरा गोंधळ इथे आहे, कारण सगळ्या कंपन्यांचा नियम एक नाही. साधारण तीन पद्धती दिसतात. पहिलीत एक पॉइंट खेळला गेला तरी पुरे, पुढच्या फेरीत जाणारा तो विजेता. दुसरीत किमान एक सेट पूर्ण व्हावा लागतो. तिसरीत सामना शेवटपर्यंत खेळला गेला नाही, तर सगळ्या पैजा रद्द.

दिमित्रोव्हच्या सामन्याला हे लावून पाहू. पहिल्या दोन्ही पद्धतींत सिन्नेरवर पैसे लावणाऱ्याला पूर्ण रक्कम मिळते आणि दिमित्रोव्हवर लावणारा सगळे गमावतो. तिसऱ्या पद्धतीत दोघांनाही फक्त मुद्दल परत. जोकोविचच्या सामन्यात पद्धतींतला फरक आणखी उघड होतो. तो बाद झाला तेव्हा पहिल्याच सेटमध्ये पाब्लो कारेनो बुस्ता ६-५ ने पुढे होता, म्हणजे एकही सेट पूर्ण झाला नव्हता. एका पॉइंटच्या नियमात कारेनो बुस्तावरची पैज जिंकते, एका सेटच्या नियमात तीच पैज रद्द होते.

सेट आणि गेम्सवरच्या पैजांचे काय?

या पैजांना पुढच्या फेरीत कोण गेले याच्याशी देणेघेणे नसते. इथे कसोटी एकच. सामना पुढे कसाही संपला असता, तरी या पैजेचा निकाल बदलला असता का? बदलू शकत नसेल तर पैज निकाली निघते, बदलू शकत असेल तर ती रद्द.

समजा, ब्रिटनमधल्या चौघांनी या सामन्यावर प्रत्येकी १०० पौंड लावले होते. पहिल्याची पैज होती ‘पहिला सेट दिमित्रोव्ह जिंकेल’. तो सेट पूर्ण झाला होता, त्यामुळे सामना सिन्नेरच्या नावावर गेला तरी ही पैज जिंकली. दुसऱ्याने ‘दिमित्रोव्ह ३-० ने जिंकेल’ यावर पैसे लावले. दिमित्रोव्ह त्या निकालापासून एक सेट दूर होता, पण तिसरा सेट कोणाचाही होऊ शकला असता. ही पैज रद्द.

उरलेल्या दोघांनी सामन्यातील एकूण गेम्सवर पैसे लावले. तिसऱ्याने ‘२८.५ पेक्षा जास्त’ आणि चौथ्याने ‘३६.५ पेक्षा जास्त’ असे म्हटले. खेळ थांबला तेव्हा गेम्स झाले होते ९, १२ आणि ४, म्हणजे एकूण २५. वरवर पाहता दोघेही मागे आहेत. पण तिसरा सेट २-२ वर होता. तो लवकरात लवकर ६-२ असा संपला असता, म्हणजे आणखी किमान चार गेम्स झालेच असते. एकूण २९. त्याहून कमी गेम्समध्ये हा सामना संपणे शक्यच नव्हते. म्हणून ही कसोटी मानणाऱ्या कंपन्यांकडे तिसऱ्याची पैज जिंकते, तर चौथ्याची रद्द होते. काही कंपन्या मात्र प्रत्यक्ष खेळलेले गेम्सच मोजतात किंवा सामना अपुरा राहिला की गेम्सवरच्या सगळ्या पैजा रद्द करतात. तिथे तिसऱ्यालाही १०० पौंडच परत मिळतील.

हे नियम फक्त हिशेबापुरते आहेत का?

नाही. खेळाडू सामना सोडणार आहे हे ज्याला आधी कळते, त्याच्यासाठी एका सेटचा नियम पैसे मिळवून देणारा ठरू शकतो. २ ऑगस्ट २००७ रोजी पोलंडमधील सोपोत इथे निकोलाय डेव्हिडेन्को आणि मार्टिन वासालो अर्ग्युयो यांच्या सामन्यावर सुमारे ७० लाख डॉलरच्या पैजा लागल्या. त्या दर्जाच्या सामन्यासाठी ही रक्कम फारच मोठी होती. डेव्हिडेन्कोने पहिला सेट जिंकला, तरीही अर्ग्युयोवर पैसे येतच राहिले. तिसऱ्या सेटमध्ये पायाच्या दुखापतीमुळे डेव्हिडेन्कोने सामना सोडला. एक सेट पूर्ण झाला असूनही बेटफेअरने या सामन्यावरच्या सगळ्या पैजा रद्द केल्या. वर्षभराहून अधिक चाललेल्या चौकशीत दोन्ही खेळाडूंविरुद्ध काही सिद्ध झाले नाही. पण लिहिलेला नियमही कंपनी बाजूला ठेवू शकते, हे तेव्हा दिसले.

भारतातल्या वाचकांसाठी याचा अर्थ काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि सट्टा यांवर बंदी घातली आहे. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांची जाहिरात करणेही गुन्हा आहे. त्यामुळे टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवरून टेनिसच्या पैजा घेणारा कोणी ‘रिटायर्ड झाला, पैसे बुडाले’ म्हणाला, तर नियम कोणता लावला हे विचारायला दाद मागण्याची जागाच उरत नाही. वरच्या उदाहरणातला तिसरा माणूस ब्रिटनमध्ये नियमावलीवर बोट ठेवून किमान तक्रार तरी करू शकतो. इथे त्याला तीही सोय नाही.