जाळी कुणी काढली?

रात्री साडेअकराला आमच्या तात्यापाऱ्यातल्या गल्लीतून एक बुलेट जाते. जुन्या मराठी कुटुंबांची ही रायपुरातली वस्ती. गल्ली जेमतेम दोन रिक्षा शेजारून जातील एवढी रुंद, आणि दोन्ही बाजूंची घरं रस्त्याला खेटून. बुलेट येते तेव्हा आधी खिडकीची काच थरथरते, मग आवाज ऐकू येतो. समोरच्या आजोबांचं गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं आहे. ते उठून बसतात, दिवा लागतो, आणि पहाटेपर्यंत विझत नाही.

मी एकदा पोलिसांना फोन लावला. पलीकडून सौजन्यानेच प्रश्न आला, ‘मॅडम, कितने डेसिबल था?’

मी अनुवादक आहे. शब्दाला प्रतिशब्द न सापडल्याची लाज मला सवयीची आहे, पण आकडा न सापडल्याची लाज नवी होती. मी फोन ठेवला, कायदा आणि नियम काढून वाचायला बसले. त्या वाचनातून मला जे कळलं ते असं, की तो प्रश्नच चुकीचा होता. आणि या विषयावर आपल्या शहरांत जी कारवाई होते, तीही बहुतेक त्या चुकीच्या प्रश्नाभोवतीच फिरते.

आधी आकड्याचंच पाहू. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीसाठी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. ८० ते १७५ सीसीसाठी ७७, आणि त्याखाली ७५. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण ते कुठून मोजायचे हे कुणी सांगत नाही. ही मर्यादा कारखान्यातून निघणाऱ्या गाडीची आहे. मोकळ्या मैदानात गाडी एका रेषेत येते, ठरलेल्या टप्प्यात थ्रॉटल पूर्ण पिळतात, आणि त्या रेषेपासून साडेसात मीटरवर माइक ठेवलेला असतो. ८० हा त्या माइकचा आकडा. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे आमच्या गल्लीत, जिथे गाडी आणि उशी यांच्यात चार मीटरही नाहीत, नियमात बसणारी गाडीसुद्धा पूर्ण थ्रॉटलवर ८६ च्या आसपास जाईल. वर दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परतवतात ते वेगळंच.

उलट टोकाला, रस्त्यात गाडी थांबवून यंत्र थेट नळकांड्यापाशी, अर्ध्या मीटरवर धरलं, तर तिथला आकडा साडेसात मीटरवरच्यापेक्षा तेवीस-चोवीसने जास्त येतो. उभ्या गाडीची चाचणी असते, पण तिची रीत आणि तिचा आकडा वेगळा. तिथे ९० दिसले म्हणून ८० ची मर्यादा मोडली असं होत नाही. मैदानातला आकडा नाक्यावर लावणं म्हणजे एका वृत्तातली मात्रा दुसऱ्या वृत्तात मोजणं. वाद घालायला शिकलेला मुलगा या फटीतून सहज निसटतो.

शिवाय डेसिबलच्या पुढे कंसात ‘ए’ असतो. आपला कान खालच्या सुरांना मंद असतो, म्हणून यंत्रही ते सूर कमी धरतं. एका सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं तेव्हा सेकंदाला पंचवीस स्फोट होतात. तो ‘धक-धक’ अगदी खालचा सूर आहे. यंत्र त्याला जवळजवळ वगळतं, पण काच वगळत नाही, भिंतही वगळत नाही. दारं-खिडक्या लावून उंच आवाज बराच अडतो, खालचा आत येतोच. यंत्रावरचा आकडा हाही शेवटी एक अनुवाद आहे, आणि या अनुवादात नेमकं तेच गळतं ज्याने आजोबा उठून बसतात.

मग सायलेन्सर काय करतो? तो आवाज संपवत नाही. नावात मौन आहे, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम त्याच्याकडून एवढंच मागतो, की बाहेर पडणाऱ्या वायूंचा आवाज शक्य तितका कमी व्हावा. इंजिनातून वायू धक्क्याधक्क्याने येतो. सायलेन्सरच्या पोटात पत्र्याचे आडवे पडदे असतात, त्यांनी दोन-तीन खोल्या केलेल्या असतात, आणि भोकं पाडलेल्या नळ्या वायूला एका खोलीतून दुसरीत वळसे घ्यायला लावतात. प्रत्येक वळणावर धक्क्याचा काही भाग परत फिरतो आणि मागून येणाऱ्या धक्क्याशी भिडून दोघेही मऊ पडतात. या पडद्यांना इंग्रजीत बॅफल म्हणतात, गॅरेजात ‘जाली’. आमच्याकडचं वाक्य असं: ‘जाली निकलवा लो, आवाज खुल जाएगी.’

ही जाळी तीन प्रकारे जाते. एक, मूळ सायलेन्सर कापून पडदे काढतात आणि पुन्हा वेल्डिंग करतात. बाहेरून तो कंपनीचाच दिसतो, पण पोटावर वेल्डिंगची कड दिसते. दोन, मूळ सायलेन्सर माळ्यावर टाकून ‘इंदोरी’ किंवा ‘पंजाब’ नावाने विकलं जाणारं नळकांडं बसवतात. त्यात मागून टॉर्च मारला की सरळ आरपार भोकांची नळी दिसते, तिच्याभोवती असलीच तर काचेची लोकर, आणि ती थोड्याच दिवसांत जळून उडते. तिसरा प्रकार सगळ्यांत चतुर. सायलेन्सरच्या तोंडाशी एका बोल्टवर बसणारी छोटी नळी असते, तिला ‘डीबी किलर’ म्हणतात. दिवसा आत, रात्री खिशात.

आवाज दहा डेसिबलने वाढला म्हणजे त्यातली ऊर्जा दहापट झाली. बॅफल गेलेली अशी एक गाडी म्हणजे गल्लीतून एकदम गेलेल्या दहा शाबूत गाड्या. तरी म्हणतात, चार सेकंदांचा तर प्रश्न आहे. ठीक, चार सेकंदांचाच हिशेब करू. निवासी भागात रात्री दहा ते सहा सरासरी ४५ डेसिबलची मर्यादा आहे. समजा, खिडकीशी चार सेकंद ८५ डेसिबल आवाज झाला आणि उरलेली सगळी रात्र गल्ली ठार शांत राहिली. आठ तासांचे २८,८०० सेकंद, त्यांतले हे चार. ऊर्जेची सरासरी काढली तर येते ४६. चार सेकंदांत एका पोराने अख्ख्या वस्तीचा रात्रभराचा कोटा संपवला. आणि सरासरी तरी कुठे खरं सांगते? झोप सरासरीने मोडत नाही, एकदाच मोडते.

बचाव मला सगळे ठाऊक आहेत. आवाज असला की लोक बाजूला होतात, जीव वाचतो. पण नळकांड्याचं तोंड मागे असतं. ज्याला सावध करायचं तो पुढे, आणि आवाज मागच्यांना. पिकअप वाढतो म्हणतात. हवा, पेट्रोल आणि धुराची वाट कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली असतात. तिघांतलं एकच मोकळं केलं की मिश्रण बिघडतं आणि थ्रॉटल सोडताना फट-फट होते. तीच फट-फट पुढे शौक बनते. कार्ब्युरेटरच्या गाडीत धावता धावता चावी बंद करायची, न जळलेलं पेट्रोल तापल्या नळीत जमू द्यायचं, आणि चावी फिरवून ते पेटवायचं. याला ‘पटाखा’ म्हणतात.

एक बचाव मात्र मला गप्प करतो. गल्लीतला तो मुलगा, ज्याला मी लहानपणी बाराखडी शिकवली, मला म्हणाला, ‘आंटी, गणेश में धुमाल रात भर बजता है, तब आप किसको फोन करती हो?’ खरं आहे. डीजे आणि धुमाल यांच्यापुढे त्याची बुलेट काहीच नाही. मिरवणुकीला नेते असतात, बुलेटला फक्त पोरगा. आपल्याकडचा दंड आवाज पाहून होत नाही, माणूस पाहून होतो, हे त्याला विशीत कळलं आहे. पण याचं उत्तर धुमालवरही कायदा चालवणं हे आहे. दुसऱ्याने झोप मोडली म्हणून तिसऱ्याने ती पुन्हा मोडणं, याला मी न्याय म्हणणार नाही.

त्याला पुढे नाक्यावर पकडलं, दंड झाला. आणि माझं खरं भांडण इथे सुरू होतं. कायदा दुबळा नाही. मोटार वाहन कायद्याच्या १९० (२) कलमात आवाजाचे निकष मोडणाऱ्या चालकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि तीन महिने परवाना बाद. १८२-अ कलमात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. या दुसऱ्या वाटेला डेसिबल विचारायची गरजच नाही. जाळी आहे की नाही, एवढं पाहायचं. टॉर्च पुरतो.

पण त्याच १८२-अ च्या पहिल्या पोटकलमात डीलर आहे. नियमबाह्य गाडी विकणारा किंवा गाडीत असा बदल करणारा डीलर, त्याला गाडीमागे एक लाख दंड किंवा वर्षापर्यंत कैद. आता कायद्याच्या सुरुवातीची व्याख्या उघडून पाहा. ‘डीलर’मध्ये वाहनांची दुरुस्ती करणाराही येतो. म्हणजे जाळी कापणारा गॅरेजवाला कायद्याला आधीपासून माहीत आहे. फक्त त्याच्याकडे कुणी जात नाही. काउंटरवर नुसतं नळकांडं विकून ‘शो के लिए है’ म्हणणारा मात्र या शब्दांतून सुटू शकतो, आणि ती पळवाट बुजवायला हवी.

त्याऐवजी आपण काय करतो? पुण्यात, नागपुरात पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवला. फोटो छान येतात. चेपतो तो पत्रा. पत्रा विकणारा दुकानात बसून तोच फोटो पाहतो, आणि त्याला ठाऊक असतं की चेपलेल्या प्रत्येकाला नवा लागणार आहे. त्याच्यासाठी तो रोलर जाहिरातच.

आमच्या मुलाचं चलान मी पाहिलं. त्यात गाडीचा नंबर होता, कलम होतं, रक्कम होती. सायलेन्सर कुणी बसवला, हे कुठेच नव्हतं. मी त्याला विचारलं, तर त्याने न कचरता गॅरेज सांगितलं. पोलिसांनी विचारलं नव्हतं. मूळ सायलेन्सर कुठे आहे? ‘छत पर पड़ा है.’ तोही कुणी मागितला नव्हता. गाडी दंड भरून, त्याच नळकांड्यासकट, त्याच आवाजात घरी आली.

माझी मागणी म्हणून एवढीच आहे. मूळ सायलेन्सर बसवून दाखवल्याशिवाय गाडी सोडू नका. गॅरेजात तासाभराचंही काम नाही. आणि चलानावर एक रकाना वाढवा: जाळी कुणी काढली? त्या नावावर दुसरं चलान फाडा, लाखाचं. पुन्हा मला फोनवर डेसिबल विचारले, तर मीही आता हाच प्रश्न विचारणार आहे.